माझं मी, एकटी, आपणहून, आपोआप: ‘बाय मायसेल्फ’चं मराठी

प्रश्न: इंग्रजी गोष्टींचा मराठी अनुवाद करायला लागलोय. ‘मायसेल्फ’, ‘ऑन माय ओन’, ‘बाय युवरसेल्फ’ असं काही आलं की माझ्या हातून ‘स्वतः’ नाहीतर ‘स्वतःहून’च लिहिलं जातं. अर्थ बरोबर असतो, पण वाक्य मराठी वाटत नाही. रोजच्या बोलण्यातलं मराठी हवं असेल तर काय लिहायचं?

उत्तर:

बऱ्याच वेळा अर्थसुद्धा बरोबर नसतो, आणि हे मी स्वतः चुकून शिकले आहे.

मी डबिंगचे संवाद लिहिते. सुरुवातीच्या काळात एका बालपटाचं काम आलं होतं. त्यात एक लहान मुलगी पहिल्यांदाच बुटाची लेस बांधते आणि धावत जाऊन आईला सांगते, ‘आय डिड इट बाय मायसेल्फ!’ मी लिहिलं, ‘हे मी स्वतःहून केलं!’ ओठांची हालचालही बऱ्यापैकी जुळत होती, म्हणून खूश होते. रेकॉर्डिंगला आवाज देणाऱ्या बाईंनी ते वाक्य दोनदा म्हटलं, थांबल्या आणि मला विचारलं, ‘ही गुन्हा कबूल करतेय का?’ मग त्यांनीच पटकन म्हणून दाखवलं: ‘माझी मी बांधली!’ स्टुडिओत बसलेल्या सगळ्यांना ती मुलगी त्या क्षणी दिसली.

‘स्वतःहून’ म्हणजे कोणी न सांगता, आपल्या मनाने. मुलीला तसं म्हणायचंच नव्हतं. लेस बांध असं तिला आईनेच दहा वेळा सांगितलं असेल. तिला सांगायचं होतं की कोणी मदत केली नाही. इंग्रजीत या दोन्ही गोष्टींना ‘बाय मायसेल्फ’ किंवा ‘ऑन माय ओन’ चालतं. मराठीत त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे शब्दही वेगळे आहेत.

म्हणून इंग्रजी शब्द बघून मराठी शब्द शोधायचा नाही. आधी स्वतःला विचारायचं, की या वाक्यात नेमकं काय ‘नाही’ असं सांगितलंय? सोबत नाही, मदत नाही, कोणी सांगितलेलं नाही, की कोणी हात लावलेला नाही? या चारपैकी कोणतं ते कळलं की मराठी शब्द बहुतेक वेळा आपणच जिभेवर येतो.

सोबत नसेल तर ‘एकटा, एकटी, एकटं’. ‘शी लिव्ह्ज बाय हरसेल्फ’ म्हणजे ‘ती एकटी राहते’. ‘डिड यू कम बाय युवरसेल्फ?’ म्हणजे ‘एकटाच आलास?’ इथे ‘तू स्वतः आलास का?’ लिहिलं तर प्रश्नच बदलतो. तो दुसऱ्या कोणाला न पाठवता जातीने आला का, असा होतो. ‘एकटा’ या शब्दाला मात्र एक उदास छटा आहे, ती सांभाळावी लागते. इंग्रजीतलं ‘ऑन माय ओन’ कधीकधी अभिमानाने म्हटलेलं असतं. ‘आय लाइक बीइंग ऑन माय ओन’ याचं ‘मला एकटं राहायला आवडतं’ हे ठीक आहे, पण पात्र आनंदात असेल तर मी ‘मला माझं माझं राहायला आवडतं’ असं लिहिते. त्यात घर सुनं वाटत नाही.

मदत नसेल तेव्हा मराठीत जी रचना येते ती मला या सगळ्यात सर्वांत लाडकी आहे, आणि अनुवादात तीच सर्वांत कमी दिसते: ‘माझं मी’, ‘तुझं तू’, ‘त्याचं तो’, ‘तिची ती’, ‘आमचे आम्ही’. आपण दिवसभर हे बोलत असतो. ‘राहू दे, माझं मी बघते.’ ‘तुझं तू ठरव.’ ‘मुलगा आता त्याचा तो जेवतो.’ ‘ज्याचं त्याने आणावं.’ लिहायला बसलं की मात्र ही माणसं गायब होतात आणि त्यांच्या जागी ‘स्वतः’ येऊन बसतो. याचं कारण मला असं वाटतं की शब्दकोशात ‘मायसेल्फ’पुढे ‘माझं मी’ सापडत नाही. हा शब्द नाही, रचना आहे, आणि ती कानानेच उचलावी लागते.

तिच्यात लिंगवचन कसं जुळतं ते जरा जवळून बघू, कारण तिथे हात अडखळतो. क्रियापद अकर्मक असेल तर पहिला शब्द बोलणाऱ्याप्रमाणे चालतो: मुलगा म्हणेल ‘माझा मी जाईन’, मुलगी म्हणेल ‘माझी मी जाईन’, दोघं मिळून ‘आमचे आम्ही जाऊ’. भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की तो बहुतेक वेळा केलेल्या वस्तूप्रमाणे चालतो: ‘लेस माझी मी बांधली’, ‘बूट माझे मी घातले’, ‘अभ्यास माझा मी केला’. हे मुलाने म्हटलं तरी असंच राहील. वस्तूचं नावच घेतलेलं नसेल तर नपुंसकलिंग: ‘माझं मी केलं’. तिसऱ्या पुरुषात दुसऱ्या शब्दाला ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो: ‘तिचं तिने केलं’, ‘त्यांचं त्यांनी ठरवलं’. नियम म्हणून हे अवघड वाटेल, पण मोठ्याने म्हणून पाहिलं तर मराठी माणूस इथे सहसा चुकत नाही. तुम्हीही वाक्य म्हणून बघा, मग लिहा.

याचंच आणखी सैल, घरगुती रूप म्हणजे ‘त्याचं त्याचं’, ‘तिची तिची’. ‘तो कोपऱ्यात त्याचा त्याचा खेळत बसला होता.’ यात मदतही नाही आणि सोबतही नाही, शिवाय तो कोणाच्या अध्यातमध्यात नाही हेही आलं. ‘हॅपिली प्लेइंग बाय हिमसेल्फ’ असं इंग्रजीत असेल तर त्यातला ‘हॅपिली’ वेगळा लिहायचीही गरज उरत नाही.

ही रचना कुठे चालत नाही तेही सांगते. ‘माझं’, ‘त्याचं’ यात मालकीचा वास आहे. शेजाऱ्याची गाडी एखाद्याने कोणाच्या मदतीशिवाय दुरुस्त केली, तर ‘त्याची त्याने गाडी दुरुस्त केली’ असं लिहिता येणार नाही, कारण वाचणाऱ्याला गाडी त्याचीच वाटेल. तिथे ‘त्याने एकट्याने ती गाडी दुरुस्त केली’ लिहावं. ‘एकट्याने’, ‘एकटीने’ म्हटलं की काम मोठं होतं, खरं तर दोघाचौघांचं होतं, असं ध्वनित होतं. म्हणून लेस बांधणाऱ्या मुलीला ‘मी एकटीने लेस बांधली’ शोभत नाही आणि पन्नास माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला ‘तिने एकटीने केला’ हेच शोभतं. दोन्ही अडचणी येत असतील तर साधं सांगून टाकावं: ‘कोणाची मदत न घेता’.

कोणी सांगितलेलं नाही, अशी परिस्थिती असेल तेव्हाच ‘स्वतःहून’. त्याची भावंडं म्हणजे ‘आपणहून’ आणि ‘होऊन’. ‘ही अपॉलजाइज्ड ऑन हिज ओन’ म्हणजे ‘त्याने आपणहून माफी मागितली’. यातलं ‘होऊन’ छापील मराठीत मागे पडत चाललंय याची मला हळहळ वाटते. ‘मी होऊन त्याच्याशी बोलायला गेले’, ‘तो होऊन काही सांगायचा नाही, तूच विचार’. किती कमी शब्दांत स्वभाव कळतो! संवादात जागा मिळाली की मी ते वापरते.

फसगतीची जागा म्हणजे शिकणं. ‘आय लर्न्ड द गिटार ऑन माय ओन.’ ‘मी स्वतःहून गिटार शिकलो’ असं बहुतेक जण लिहितात. त्याचा अर्थ होतो, कोणी क्लासला घातलं नाही, माझी मला इच्छा झाली आणि मी गेलो. गुरू असू शकतो. मूळ वाक्यात गुरू नाही. म्हणून ‘गिटार माझा मी शिकलो’, किंवा त्याहून स्पष्ट, ‘मला गिटार कोणी शिकवली नाही, माझा मी शिकलो’. एका वाक्याची दोन झाली तरी हरकत नाही.

चौथी परिस्थिती, कोणी हात लावलेला नाही, म्हणजे ‘आपोआप’. दार आपोआप बंद झालं, जखम आपोआप भरली. हा शब्द सगळ्यांना येतो, त्यामुळे तो नको तिथेही येतो. मराठीत विझणं आणि विझवणं, तुटणं आणि तोडणं, सुटणं आणि सोडणं अशा जोड्या आहेत. ‘दिवा विझला’ यातच कोणी विझवला नाही हे आलेलं आहे. इंग्रजीत ‘बाय इटसेल्फ’ लिहिलंय म्हणून ‘दिवा आपोआप विझला’ लिहिलं तर गोष्टीत उगाच भूत शिरतं. भूतच हवं असेल तर ठीक! आणि आरोपाला उत्तर म्हणून ते वाक्य आलं असेल, ‘मी नाही केलं, तो आपला विझला’ असं असेल, तर ‘मी विझवला नाही, विझला’ याच्याइतकं नेमकं दुसरं काही नाही. ‘उघडणं’ मात्र दोन्हीकडे सारखंच चालतं. ‘दार उघडलं’ म्हणजे कोणी उघडलं की आपणच उघडलं ते कळत नाही, तिथे ‘आपोआप’ खरंच लागतं.

आता वरच्या वाक्यात मी सहज लिहून गेले, ‘तो आपला विझला’. या ‘आपला’कडे लक्ष द्या. हिंदीची सवय असलेल्या अनुवादकांकडून ‘मी आपलं काम करतो’ असं वाक्य येतं, ‘मी माझं काम करतो’ या अर्थाने. मराठीत पहिल्या आणि दुसऱ्या पुरुषात सहसा ‘माझं’, ‘तुझं’च येतं. ‘मी आपली आले’ म्हणजे ‘मी सहज आले, विशेष काही नाही’. त्या ‘आपली’त स्वतःचा काही संबंध नाही, संकोच आहे. ‘आय जस्ट केम’ यातल्या ‘जस्ट’चं ते मराठी आहे.

तिसऱ्या पुरुषात ‘आपला’ खरोखर उपयोगी पडतो. ‘त्याने त्याची पिशवी उचलली’ यात पिशवी दुसऱ्याचीही असू शकते, ‘त्याने आपली पिशवी उचलली’ यात शंका उरत नाही. पण वाक्यात दोन माणसं आली की तोही घोटाळा करतो. ‘आईने मुलीला आपल्या खोलीत जायला सांगितलं.’ खोली आईची की मुलीची? दोन्ही अर्थ निघतात, आणि ‘स्वतःच्या खोलीत’ लिहूनही सुटका होत नाही. इथे मी सरळ दोघींना बोलायला लावते: ‘आई मुलीला म्हणाली, जा तुझ्या खोलीत.’ मराठीला असंही थेट बोलणं जास्त आवडतं.

एवढं झालं तरी बरेच ‘मायसेल्फ’ उरतात, कारण इंग्रजीत ते कर्म म्हणून येतात. यातल्या बहुतेकांना मराठीत काहीच लिहायचं नसतं. ‘आय हर्ट मायसेल्फ’ म्हणजे ‘मला लागलं’. ‘आय बर्न्ट मायसेल्फ’ म्हणजे ‘भाजलं’ किंवा ‘चटका बसला’. ‘बिहेव युवरसेल्फ’ म्हणजे ‘नीट वाग’. ‘वी एन्जॉइड अवरसेल्व्ज’ म्हणजे ‘मजा आली’. ‘मी स्वतःला जखमी केलं’ असं लिहिलं तर ते मुद्दाम केल्यासारखं होतं, आणि गोष्टीत ते फारच भलतं ठरू शकतं.

आणि जिथे कर्त्याला स्वतःच्या फायद्याचं काही करायचंय, तिथे आपल्याकडे ‘घेणं’ आहे. ‘हेल्प युवरसेल्फ’ म्हणजे ‘वाढून घ्या’. ‘शी पोर्ड हरसेल्फ सम मिल्क’ म्हणजे ‘तिने दूध ओतून घेतलं’. ‘ओतलं’ आणि ‘ओतून घेतलं’ यांतला फरकच ‘हरसेल्फ’ आहे. ‘स्वतःसाठी’ लिहायची गरज नाही. हे एकदा लक्षात आलं की पानावरचे निम्मे ‘स्वतःसाठी’ गळतात.

मग ‘स्वतः’ खरा कुठे हवा? जोर द्यायला. ‘मी स्वतः पाहिलं’, म्हणजे कोणाकडून ऐकलेलं नाही. हा ‘स्वतः’ ज्याच्यावर जोर आहे त्याला चिकटून येतो आणि त्याच्याबरोबर विभक्तीही घेतो: ‘त्याला स्वतःला ते पटलं नव्हतं’, ‘तिचं स्वतःचं घर’, ‘मला स्वतःला असं वाटतं’. नव्या अनुवादांत ‘त्याला ते स्वतः पटलं नव्हतं’ असं दिसतं, ते इंग्रजीच्या जागेवर ठेवलेलं असतं.

जोराचेही प्रकार आहेत. ‘मोठ्या माणसाने प्रत्यक्ष’ अशी नवलाई असेल तर ‘खुद्द’: ‘खुद्द राजा आला’. मोठ्या माणसाने दुसऱ्यावर न सोपवता केलं असेल तर ‘जातीने’: ‘राजाने जातीने चौकशी केली’. आणि ‘आय अ‍ॅम अ नर्स मायसेल्फ’ असं कोणी दुसऱ्या नर्सला सांगत असेल तर त्यात जोर नाहीच, ओळख जोडणं आहे: ‘मीही नर्सच आहे’. इथे ‘मी स्वतः नर्स आहे’ लिहिलं तर ती भांडायला उभी राहिल्यासारखी वाटते. काही जागी नुसता ‘च’ पुरतो. तो एवढासा आहे म्हणून त्याला विसरू नका.

आता एक उतारा घेऊ. मी शिकवताना हा वापरते, मुद्दाम वाईट केलेला आहे:

‘त्या सकाळी तिने स्वतःला अंथरुणातून बाहेर काढलं, स्वतःला धुतलं, स्वतःचे केस स्वतः विंचरले आणि स्वतःसाठी दूध ओतलं. आई स्वतः तिला शाळेत सोडणार होती, पण आई झोपली होती. “मी स्वतः जाऊ शकते,” ती स्वतःला म्हणाली. ती स्वतः शाळेत गेली. तिला स्वतःचा अभिमान वाटला.’

‘स्वतःला बाहेर काढलं’ यात मूळ इंग्रजीत कष्ट आहेत, उठायचं जिवावर आलंय. कष्ट ‘स्वतः’त नाहीत, म्हणून ‘कशीबशी उठली’. ‘स्वतःला धुतलं’ म्हणजे ‘अंघोळ केली’, चर्चाच नको. केसांपाशी मात्र थांबावं लागतं. एरवी आई विंचरून देते, आज मदत नाही, म्हणजे ‘केस तिचे तिने विंचरले’. दूध ‘ओतून घेतलं’. आई ‘स्वतः सोडणार होती’ यातला जोर दुसऱ्या कोणी नव्हे, आई, एवढाच आहे. तिथे ‘च’ बसतो. ‘खुद्द’ किंवा ‘जातीने’ लिहिलं तर आईचा दरबार होईल. ‘स्वतःला म्हणाली’ म्हणजे ‘मनाशी म्हणाली’. तिचं वाक्य मदत नसण्याचं आहे, ‘माझी मी’. पण पुढे ती ‘बाय हरसेल्फ’ शाळेत गेली तिथे निवेदक सोबत नसल्याचं सांगतोय. एकच इंग्रजी शब्द, दोन ओळींत दोन अर्थ, म्हणून दुसऱ्या ठिकाणी ‘एकटी’. शेवटचा अभिमान मात्र खरंच स्वतःकडे वळलेला आहे.

‘त्या सकाळी ती कशीबशी उठली, अंघोळ केली, केस तिचे तिने विंचरले आणि दूध ओतून घेतलं. खरं तर आईच तिला शाळेत सोडणार होती, पण ती झोपली होती. “माझी मी जाईन की,” ती मनाशी म्हणाली आणि एकटी शाळेत गेली. तिला स्वतःचा अभिमान वाटला.’

आधी दहा ‘स्वतः’ होते, आता एक उरलाय, आणि तो एकटाच असल्यामुळे वाचताना ऐकू येतो. तो एकही काढून ‘तिला फार भारी वाटलं’ असं लिहिता येईल. लहान मुलांसाठी मी तसंच लिहीन, मोठ्यांच्या कथेत ‘स्वतःचा अभिमान’ ठेवीन. औपचारिक लेखनात, नियमावलीत किंवा करारात ही काटछाट करू नका. तिथे ‘अर्जदाराने स्वतः उपस्थित राहावे’ हेच बरोबर, कारण दुसऱ्याला पाठवू नये हाच त्या वाक्याचा मुद्दा असतो.

पहिला खर्डा लिहिताना हे सगळं डोक्यात ठेवायला जाऊ नका, हात थबकेल. खर्डा झाला की फाइलमध्ये ‘स्वतः’ शोधा आणि एकेकापाशी तो चार ‘नाहीं’चा प्रश्न विचारा. शोधताना एक काळजी घ्या: अनेक जण विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाइप करतात. दिसायला दोन्ही सारखे असले तरी संगणकाला ती वेगळी चिन्हं आहेत, त्यामुळे `स्वतः` शोधलं तर `स्वत:` सापडत नाही. दोन्ही टाकून शोधा. माझ्या एका जुन्या संहितेत पहिल्या शोधात सहाच सापडले होते, दुसऱ्यात आणखी चाळीस निघाले.